क्वचित येणाऱ्या एररचा माग

तिकीट आरक्षणाची एखादी सेवा दिवसभर सुरळीत चालते आणि मधूनच एखाद्या ग्राहकाला ‘पेमेंट झाले नाही’ असा संदेश येतो. त्याने पुन्हा बटण दाबले की पैसे भरले जातात. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर हा बिघाड काही केल्या होत नाही. लॉगमध्ये सापडते ती एकच ओळ: ‘पेमेंट फेल’. कोणाचे, कोणत्या टप्प्यावर, कशामुळे, याचा पत्ता नाही.

इथे आधी लॉगची घडण बदलावी लागते. मोकळ्या वाक्याऐवजी प्रत्येक नोंद ठरावीक रकान्यांत लिहायची, म्हणजे ती हव्या त्या रकान्यावरून चाळता येते. सर्वांत मोलाचा रकाना `request_id`. रिक्वेस्ट आली की तिला एक क्रमांक द्यायचा आणि आरक्षण सेवेकडून ती पेमेंट सेवेकडे जाताना हेडरमधून तोच क्रमांक पुढे धाडायचा. दोन्ही सेवांनी तो आपापल्या लॉगमध्ये नोंदवायचा.

जोडीला सेंट्रीसारखा एरर ट्रॅकर लागतो. कोडच्या कोणत्या ओळीतून एरर आली हे पाहून तो सारख्या एररचा एक गट करतो. आठवड्याला चार-पाचदाच येणारी एररही मग गर्दीत हरवत नाही.

समजा, त्या गटातली एक नोंद अशी निघाली:

```
{"request_id":"a91f","step":"payment",
 "code":"ECONNRESET",
 "reused_socket":true,"idle_ms":5003}
```

`a91f` पेमेंट सेवेच्या लॉगमध्ये शोधला, तर तिथे तो नाहीच! गटातल्या इतर क्रमांकांचेही तसेच. म्हणजे रिक्वेस्ट पेमेंटच्या कोडपर्यंत पोचण्याआधीच कनेक्शन तुटले. शिवाय प्रत्येक वेळी कनेक्शन जुनेच, पुन्हा वापरलेले, आणि सुमारे पाच सेकंद रिकामे पडलेले.

पेमेंट सेवा नोड.जेएसवर असेल तर हा आकडा ओळखीचा आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत सर्व्हर रिकामे कनेक्शन मूळ सेटिंगनुसार 5 सेकंदांनी बंद करतो. नेमक्या त्याच क्षणी आरक्षण सेवेने त्यावर रिक्वेस्ट सोडली की ती बुडते. गर्दीत कनेक्शन इतका वेळ रिकामे राहतच नाही, म्हणून हा बिघाड तुरळक वर्दळीच्या वेळी गाठतो.

यशस्वी रिक्वेस्टच्याही थोड्या नोंदी ठेवायला हव्यात. त्यांच्यातही `idle_ms` पाच हजारांच्या आसपास सर्रास दिसला, तर संशय चुकीचा ठरतो. कार्ड क्रमांक आणि ओटीपी मात्र लॉगमध्ये कधीच जाता कामा नयेत.

उपाय छोटा आहे: पेमेंट सर्व्हरची `keepAliveTimeout` ही मुदत, आरक्षण सेवा रिकामे कनेक्शन जितका वेळ धरून ठेवते त्यापेक्षा जास्त ठेवायची. आंधळेपणाने रिक्वेस्ट पुन्हा पाठवणे पेमेंटच्या बाबतीत धोक्याचे, कारण कनेक्शन तुटण्याआधी पैसे कापले गेले असतील तर ते दुसऱ्यांदा कापले जाऊ शकतात. बदल लागू झाल्यावर सेंट्रीत तो गट सुटल्याची खूण करून ठेवावी. तीच एरर पुन्हा आली तर सेंट्री तो गट आपोआप उघडते.