रविवारच्या शाळेत चिऊचं दार

अमेरिकेत आणि कॅनडात महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथे येणाऱ्या सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांना आईचं बोलणं नीट कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीत. या मुलांची सुरुवात मुळाक्षरांपासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी त्यांना बोलतं करावं, आणि त्यासाठी महिन्याला एकच उद्दिष्ट पुरे. उदाहरणार्थ, ‘काय करतोयस?’ असं आजीने फोनवर विचारलं की मुलाने तीन पूर्ण वाक्यांत सांगायचं.

त्यासाठी चिऊ-काऊची गोष्ट घ्यावी. पावसात घर गेलेला कावळा दार वाजवत राहतो आणि चिमणी दर वेळी बाळाचं नवं काम सांगून त्याला थांबवते. वाक्याचा साचा तोच राहतो, काम तेवढं बदलतं. बोलायला शिकणाऱ्या मुलाला नेमकं हेच हवं असतं.

दीड तासाच्या वर्गात पहिली दहा मिनिटं आंघोळीचं, दात घासण्याचं अभिनयगीत घ्यावं. मग पुस्तक न उघडता बाहुली आणि टॉवेल घेऊन गोष्ट सांगावी. पुढच्या रविवारी मुलंच चिऊ होतात. तिसऱ्या रविवारी बाळाऐवजी घरातली कामं येतात: ‘थांब, मी भांडी घासतेय.’ चौथ्या रविवारी मुलं आजीला फोन लावतात.

गाणं तोंडपाठ झालं की पालक खूश होतात, पण तिथेच फसगत होते. ‘हात धुते’ म्हणणाऱ्या मुलीला पाय दाखवून विचारावं, ‘आता काय धुतेस?’ ती अडखळली, तर तिने चाल उचललीय, वाक्य नाही. अशा वेळी गाणं संथ म्हणावं, ओळीतला एक शब्द गाळावा आणि तो मुलांना भरू द्यावा.

आणखी एक गोष्ट हमखास दिसते. मुलगे ‘मी जेवते’, ‘मी येते’ म्हणतात, कारण त्यांच्या कानावर मराठी पडतं ते मुख्यतः आईचं. त्यांना टोकू नये. एखाद्या बाबांना किंवा काकांना वर्गात कावळा करावं आणि त्यांनी सहज म्हणावं, ‘तू जेवतोस? मीपण जेवतो.’ असं बोलणं वारंवार कानावर पडलं की क्रियापद हळूहळू जागेवर येतं. नपुंसकलिंगाला मात्र फार वेळ लागतो. ‘माझा बाळ’चं ‘माझं बाळ’ व्हायला वर्षही जाईल, आणि तेवढं जाऊ द्यावं.

आठवड्याचा दीड तास एकटा पुरत नाही. घरी रोज दहा मिनिटं तोच साचा वापरावा लागतो, जेवताना किंवा गाडीत.

इकडच्या आजी-आजोबांना एक विनंती. फोनवर नातू चुकला तर हसू नका, आणि तो अडला म्हणून लगेच इंग्रजीत शिरू नका. त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा.