बंद फोनचा उघडा मजकूर

ऑफिसात जेवणाची सुट्टी झालेली असते. टेबलावर डबे उघडलेले, डब्यांच्या शेजारी फोन उताणे ठेवलेले. त्यातला एक उजळतो आणि वर अक्षरं उमटतात : ‘रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरची निघाली. घरी अजून कुणाला बोलले नाहीये.’ फोनला सहा आकडी पिन आहे, बोटाच्या ठशाशिवाय तो उघडत नाही. तरीही ही तीन वाक्यं टेबलावरच्या दोघा-तिघांनी सहज वाचलेली असतात. ज्या मैत्रिणीनं विश्वासानं ती लिहिली, तिला याचा पत्ताही नसतो.

अशा प्रसंगात फोनमालकाचं गुपित फुटत नाही, फुटतं ते पाठवणाऱ्याचं. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं म्हणणारी माणसं ही बाजू विसरतात. आपल्या फोनवर येणारा मजकूर दुसऱ्या कुणीतरी आपल्या भरवशावर लिहिलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश २०१६पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. वाटेत ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण संदेश फोनवर पोचला की फोन तो उलगडतो आणि त्याची झलक लॉक स्क्रीनवर मांडतो. म्हणजे वाटेत एवढा जपलेला मजकूर शेवटच्या टप्प्यावर, काचेवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. ही झलक बंद करण्याची सोय जवळपास प्रत्येक फोनमध्ये असते आणि ती बंद केल्यावरही संदेश आल्याची सूचना येत राहते. फोन वाजतो, थरथरतो, ‘नवा संदेश’ असं दाखवतो. झाकले जातात ते फक्त शब्द.

आयफोनमध्ये हे Settings मधल्या Notifications खाली Show Previews या नावानं सापडतं. तिथे तीन पर्याय आहेत : Always, When Unlocked आणि Never. २०१७मध्ये चेहरा ओळखणारा आयफोन एक्स आला, तेव्हा अ‍ॅपलनं अशा फोनवर मधला पर्याय आधीपासूनच लावून दिला. फोन टेबलावर पडलेला असताना मजकूर झाकलेला राहतो, मालकानं फोनकडे पाहिलं की उघडतो. गोल बटणाचे, बोटाच्या ठशावर चालणारे आयफोन मात्र मुळात Always वर असतात. घरात असा जुना फोन आई-वडिलांकडे किंवा मुलांकडे गेला असेल, तर हा बदल हातानं करावा लागतो.

अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स किंवा लॉक स्क्रीन या विभागात ती असते. कंपनीगणिक शब्द बदलतात, पण मुद्दा एकच : फोन बंद असताना संवेदनशील मजकूर दाखवायचा की नाही. तो झाकायचा ठरवला की अ‍ॅपचं नाव दिसतं आणि मजकुराच्या जागी तो लपवल्याची ओळ येते. इथे एक खाचखळगा आहे. कोणती सूचना खासगी आणि कोणती सर्वांना दिसली तरी चालेल, हे अ‍ॅप बनवणाराच ठरवतो. एखाद्या अ‍ॅपनं आपल्या सूचनांवर ‘सार्वजनिक’ असा शिक्का मारला असेल, तर त्या दिसतच राहतात. अशा अ‍ॅपच्या सूचना लॉक स्क्रीनवरून वेगळ्या बंद कराव्या लागतात. दुसरं असं, की फोनला पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड नसेल आणि तो नुसतं बोट सरकवून उघडत असेल, तर या सगळ्याला काहीच अर्थ उरत नाही.

काही वेळा मजकुरापेक्षा नावच जास्त बोलकं असतं. वकिलाचं, समुपदेशकाचं, नव्या नोकरीसाठी बोलणाऱ्या माणसाचं. फोनच्या सेटिंगनं शब्द लपले तरी नाव लपेलच असं नाही. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपनं मे २०२३मध्ये चॅट लॉक आणलं. त्या व्यक्तीच्या माहितीच्या पानावर जाऊन चॅट लॉक केलं की तिचा संदेश आल्यावर नाव आणि मजकूर दोन्ही झाकलेले राहतात. फोन आला तर मात्र नाव दिसतं. सिग्नलमध्ये सूचनेत नाव आणि संदेश, फक्त नाव, किंवा दोन्ही नाही, असे तीन सरळ पर्याय दिलेले आहेत.

हे सगळं केल्यावरही मजकूर बाहेर डोकावतो, तो बहुधा फोन उघडा असताना. शेजाऱ्याला लग्नाचे फोटो दाखवताना वरून पट्टी खाली येते आणि तिच्यात संदेश पूर्ण वाचता येतो. लॉक स्क्रीनची सेटिंग तिला अडवत नाही. आयफोनवर Never निवडलं तर ही पट्टीही कोरी येते. लोकलच्या गर्दीत, जिथे फोनकडे आपल्याबरोबर आणखी दोघांची नजर असते, तिथे तोच पर्याय बरा. मनगटावरचं घड्याळ आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडं ठेवलेलं व्हॉट्सअ‍ॅप यांच्या सूचना वेगळ्या असतात. त्या त्यांच्या त्यांच्या जागी जाऊनच बंद कराव्या लागतात.

सगळ्यात मोठा धोका गप्पांच्या मजकुरात नसून सहा आकड्यांत आहे. समजा, टेबलावर पडलेल्या फोनचा नंबर कुणीतरी स्वतःच्या फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकला. पडताळणीचा कोड एसएमएसनं मूळ फोनवर येतो आणि झलक सुरू असेल तर बंद स्क्रीनवरच वाचता येतो. तो कोड टाकला की खातं दुसऱ्या फोनवर सुरू होतं. मग ‘अर्जंट पैसे हवेत’ असे निरोप त्या नावानं नातेवाइकांना जाऊ लागतात. बँकेच्या ओटीपीचंही तसंच. म्हणून झलक झाकताना व्हॉट्सअ‍ॅपबरोबर एसएमएसचं अ‍ॅप आधी झाकावं. अनेकजण नेमकं तेच विसरतात.

आणि झाकल्यानंतरही एक फट राहते. कोड एसएमएसऐवजी फोन करून सांगा, असा पर्याय व्हॉट्सअ‍ॅप देतं. आलेला फोन उचलायला पिन लागत नाही. बंद फोन हातात असलेला माणूस तो उचलून कोड ऐकू शकतो. या फटीवर उपाय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या अकाउंट विभागातलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन. त्यात स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन लागतो आणि तो कोणत्याही एसएमएसमध्ये येत नाही.

सेटिंग बदलून झाल्यावर ती खरोखर लागू झाली का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. फोन लॉक करून टेबलावर ठेवावा. चेहऱ्यानं उघडणारा असेल तर त्याच्यासमोरून बाजूला व्हावं, नाहीतर तो मालकाला ओळखून मजकूर उघडेल आणि सेटिंग चाललीच नाही असं वाटेल. मग घरातल्या कुणाला तरी एक व्हॉट्सअ‍ॅप, एक एसएमएस आणि एक ईमेल पाठवायला सांगावा आणि स्क्रीनवर काय दिसतं ते त्यालाच वाचून दाखवायला सांगावं. फोनची मोठी अपडेट आली किंवा नवा फोन घेतला, की ही तपासणी पुन्हा करावी, कारण नव्या फोनवर जुन्या सेटिंग्ज जशाच्या तशा येतातच असं नाही.