तांबडं फुटताना पाठ फिरवणारा म्हातारा

दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायला घेतली होती. हर्णैसारखं बंदर, पहाटेची वेळ, पूर्वेचं आभाळ लालभडक. एक म्हातारा तांडेल त्या लालीकडे बघतो आणि पोरांना सांगतो, "आज होडी काढू नका, तुफान येतंय." पोरं हसतात, दर्यावर जातात, पुढचं वाचकाला कळतंच. पहिला खर्डा मी बंदरावरच्या एका खऱ्या तांडेलांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "भाऊ, तुमचा म्हातारा तोंड कुठं करून उभा आहे? पूर्वेला आपला डोंगर. तुफान काय घाटावरून उतरतं?"

त्या एका प्रश्नात कथा बुडाली. सकाळचं लाल आभाळ म्हणजे वाईट हवा हा आडाखा मी पुस्तकांतून उचलला होता, आणि तो कोकणचा नव्हताच. तो फार जुना आहे. बायबलमध्ये मत्तयच्या सोळाव्या अध्यायातही येतो. इंग्रज दर्यावर्द्यांच्या तर तो तोंडी असे. तिकडे तो खरा का ठरतो, हे आधी बघू.

सूर्य क्षितिजावर असतो तेव्हा त्याचा किरण हवेच्या जाड थरातून तिरका येतो. डोक्यावरच्या सूर्याच्या किरणाला जेवढी हवा ओलांडावी लागते, तिच्या तीस-चाळीसपट. वाटेत निळा प्रकाश इकडेतिकडे उधळला जातो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. हा तांबडा प्रकाश खालून ढगांवर पडला की आभाळ पेटतं. म्हणजे लाल पहाटेला दोन गोष्टी लागतात: पूर्वेला किरण येईल इतकी मोकळी हवा, आणि डोक्यावर किंवा पश्चिमेला ढग. ब्रिटनसारख्या समशीतोष्ण पट्ट्यात हवामान बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं. तिथे पूर्व मोकळी याचा अर्थ चांगली हवा निघून गेली, आणि पश्चिमेचे ढग म्हणजे येऊ घातलेला पाऊस. संध्याकाळी हेच उलट होतं, म्हणून सांजेची लाली तिकडे शुभ.

हे आडाखे नीट लिहून काढणारा माणूस स्वतः खलाशी होता. डार्विनला घेऊन जगभर फिरलेल्या 'बीगल' जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय. 1854 मध्ये ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याची सूत्रं त्याच्याकडे आली. 1859 च्या ऑक्टोबरातल्या वादळात 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तारेनं बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था त्यानं उभी केली. पण हवादाबमापी आणि तारायंत्र हाताशी असूनही तो कोळ्यांना आभाळाचे रंग वाचायला सांगत होता. त्याची एक खूण मला फार आवडते. पहिला उजेड क्षितिजाला टेकून दिसला तर दिवस चांगला; ढगांच्या बांधावरून, उंचावर दिसला तर वारा. इथे रंगापेक्षा तो कुठे दिसतो याला महत्त्व आहे.

आता कोकण. हर्णै जवळपास 18 अंश उत्तरेला, म्हणजे त्या पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याच्या बरंच खाली. आपल्याकडची चक्रीवादळं मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरात अरबी समुद्रात येतात आणि किनाऱ्याला बहुधा दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून गाठतात. 2009 च्या 11 नोव्हेंबरला अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात धडकलेलं 'फयान' असंच दक्षिणेकडून वर सरकत आलं. मासेमारीचा भर हंगाम, होड्या दर्यात. कोकणातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत.

म्हणून इथल्या म्हाताऱ्यानं तांबडं फुटताना पूर्वेला पाठ करावी. पश्चिमेला त्याला वेगळंच काही दिसतं. सूर्य वर येण्याआधी समुद्राच्या रेषेवर निळसर राखाडी पट्टा असतो आणि त्यावर गुलाबी. राखाडी पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीचीच सावली. उजाडत जातं तशी ती खाली खाली जाऊन समुद्रात बुडते. दोन्ही पट्टे रेखल्यासारखे स्वच्छ असतील तर दूरवर हवा निवळ आहे. गुलाबी मळकट असेल तर धूळ किंवा खारी वाफ. राखाडी पट्टा दिसेनासा झाला असेल आणि त्याजागी ढगांची भिंत असेल, तर त्या भिंतीकडे लक्ष ठेवायचं.

मग नजर दक्षिणेला. चक्रीवादळाच्या माथ्यावरून बर्फाच्या कणांचे विरळ, तंतूसारखे ढग शेकडो किलोमीटर पुढे पसरतात. ते फार उंच असल्यामुळे खालच्यांना उजाडायच्या आधी त्यांना सूर्य दिसतो, आणि सगळं आभाळ विटकरी-तांब्याच्या रंगाचं होतं. हे तंतू एकाच दिशेकडून पिसाऱ्यासारखे फाकलेले असले तर वादळ त्या दिशेला असू शकतं. पण साध्या पिंजलेल्या ढगांवरही पहाट अशीच तांबूस होते, वादळाचा पत्ता नसताना. रंगानं फक्त संशय घ्यावा.

समुद्राचा रंग तर त्याहून फसवा. पहाटेचं संथ पाणी आभाळच दाखवतं; त्यावर काळपट डाग सरकत आला तर तिथे वाऱ्यानं पाणी चुरगळलं आहे, एवढं कळतं. हिरवं पाणी सूक्ष्म वनस्पतींचं, तांबूस-गढूळ पाणी खाडीच्या गाळाचं. यांतून तुफान वाचणारा म्हातारा कथेतच शोभतो.

तांडेल म्हणाले, "रंग बघून झाल्यावर लाट मोजा." हा हिशेब मी घरी येऊन केला. स्थानिक वाऱ्याची लाट पाच-सहा सेकंदांनी येते. दूरच्या वादळानं उठवलेली लाट लांब, गुळगुळीत आणि सावकाश असते. दोन माथ्यांमध्ये 12 सेकंद असतील तर तिची ताकद खोल पाण्यातून ताशी साधारण 34 किलोमीटरनं पुढे सरकते. वादळ 600 किलोमीटरवर असेल आणि ताशी 15 किलोमीटरनं येत असेल, तर त्याला 40 तास लागतील. लाट 18 तासांत पोचेल. म्हणजे मधे जवळपास एक दिवस हातात राहतो. फट एकच: दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लांब लाटाही हजारो किलोमीटर पार करून निरभ्र दिवशी आपल्या किनाऱ्यावर येतात. केरळात त्यांना 'कळ्ळक्कडल' म्हणजे चोर समुद्र म्हणतात. त्या दिवशी लाट मोजणारा उगाच घरी बसेल.

तेव्हा शेवटची साक्ष वाऱ्याची. चांगल्या हंगामात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, कारण रात्री जमीन लवकर गार होते. ऊन तापलं की मतलई पडते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. वादळ दक्षिणेला असेल तर त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरणारा वारा आपल्याला पूर्वेकडून लागतो. म्हणजे पहाटे वाटतं, मतलईच आहे. फरक दिसतो तो उन्हं चढल्यावर. वारा पडत नाही, फिरत नाही, उलट झटके देतो.

हे सगळं घालून कथा पुन्हा लिहिली. नव्या खर्ड्यात म्हातारा पूर्वेकडे एकदाही बघत नाही. पहाटे तो फक्त एवढंच म्हणतो, "आज जवळच जाळं टाका, दुपारपर्यंत या." अकरा वाजता धक्क्यावर बसून तो लाटांमधले आकडे मोजतो, ओलं बोट वर धरतो, आणि उठून नातवाच्या होडीसाठी दुसरा दोर शोधायला लागतो. तांडेलांना हेही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं आहे. पण अकरापर्यंत कशाला थांबलाय? रेडिओ नाही का त्याच्याकडे?"