सरकत्या सोंगट्यांचे कोडे आणि अंतराधिष्ठित चालनिवड

नऊ घरांच्या चौकटीत १ ते ८ अंकांच्या सोंगट्या व एक रिकामे घर असते. प्रत्येक सोंगटी आपल्या योग्य घरापासून आडवी व उभी मिळून किती घरे दूर आहे, याची बेरीज म्हणजे मॅनहॅटन अंतर होय. रिकामे घर या बेरजेत धरावयाचे नसते. अन्यथा एका चालीत सुटणाऱ्या स्थितीचे अंतरही दोन भरते.

अंतर घटविणारी चाल निवडत जाणे स्वाभाविक वाटते. परंतु ते पुरेसे नाही. अपेक्षित मांडणी १-२-३, ४-५-६, ७-८-रिकामे अशी असून प्रत्यक्षात २-१-३, ५-४-६, ७-८-रिकामे अशी आहे, असे समजू. अंतर चार आहे. येथे ६ खाली किंवा ८ उजवीकडे, एवढ्याच चाली शक्य असून दोन्हींनी ते पाच होते. कोडे सुटण्याजोगे असूनही ही पद्धत तेथेच अडते.

हार्ट, निल्सन व राफेल यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ए-स्टार पद्धतीत f = g + h हे मूल्य पाहतात; g म्हणजे झालेल्या चाली, h म्हणजे उरलेले अंतर. आतापर्यंत गाठलेल्या, पण पुढे न तपासलेल्या सर्व स्थितींतून लघुतम f असलेली स्थिती घेतली जाते. त्यामुळे अंतर वाढविणारी चालही बाद होत नाही. एका चालीत एकच सोंगटी एकच घर सरकते. म्हणून h प्रत्यक्ष लागणाऱ्या चालींहून कधीच अधिक नसते आणि मिळणारे उत्तर न्यूनतम चालींचे ठरते.

वरील मांडणीत मात्र h बराच तोकडा आहे. १ व २ एकाच ओळीत उलट क्रमाने असल्याने त्यांपैकी एकीला ओळ सोडून परतावे लागते, म्हणजे दोन चाली अधिक. ४ व ५ यांचेही तसेच. हे धरल्यास अंदाज आठ होतो.