मीठ आत शिरलं की पाणी बाहेर आलं?

प्रश्न तसा सोपा होता. कच्च्या बटाट्याची फोड मिठाच्या दाट द्रावणात तासभर ठेवली, तर ती लिबलिबीत का होते? आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं : ‘बाहेर मिठाचं प्रमाण जास्त आणि बटाट्यात कमी आहे. म्हणून परासरणामुळे मीठ बटाट्यात शिरलं आणि तो मऊ पडला.’ पहिलं वाक्य अगदी बरोबर. दुसऱ्या वाक्यात मात्र माझी लाल शाई थांबली.

चूक आळसातून झालेली नव्हती. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे, हा विसरणाचा नियम तिला पाठ होता. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो तो असाच. तिनं तो नियम मिठाला लावला. पण मीठ आणि बटाट्यातला रस यांच्यामध्ये पेशीचं पटल आहे, हे ती विसरली. हे पटल निवड करतं. पाण्याचे रेणू त्यातून सहज ये-जा करतात. त्यांच्यासाठी पटलात खास प्रथिनांच्या वाटाही असतात, आणि त्या शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना 2003चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिठाच्या आयनांना मात्र तिथून सहजी वाट मिळत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंमधला फरक मिटवायला मिठाला हलता येत नाही, पाण्यालाच हलावं लागतं. ज्या बाजूला मीठ जास्त, त्या बाजूला पाण्याचं प्रमाण कमी. म्हणून पाणी फोडीतून बाहेर पडतं. थोडं पाणी उलट आतही जातच असतं, पण हिशेबाअंती बाहेर जाणारं जास्त भरतं. या पाण्याच्या वाहण्यालाच परासरण म्हणतात.

‘फोड मऊ तर झालीच ना, मग मीठ आत गेलं काय नि पाणी बाहेर आलं काय, फरक काय पडतो?’ असं तिनं मला विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. फरक वजनात पडतो. मीठ आत शिरलं असतं तर फोड जड व्हायला हवी. आम्ही एकाच बटाट्याच्या दोन सारख्या फोडी कापल्या, प्रत्येकी 10 ग्रॅम. एक साध्या पाण्यात टाकली, दुसरी 100 मिली पाण्यात चार चमचे मीठ विरघळवून त्यात. तासाभरानं दोन्ही फडक्यानं टिपल्या. ही टिपायची पायरी गाळली तर वरवरचं पाणीही तोललं जातं आणि सगळा घोळ होतो. साध्या पाण्यातली फोड 10.5 ग्रॅम भरली, ताठ होती आणि वाकवल्यावर कट्कन मोडली. मिठातली 8.4 ग्रॅम, ती मोडेना, नुसती वाकली. दीड ग्रॅमहून जास्त वजन गेलं ते पाण्याचं. पेशी पाण्यानं फुगलेल्या असतात तोवर भिंतींवर आतून दाब राहतो आणि फोड ताठ असते. पाणी गेलं की ती ढिली पडते.

खरं तर हे उत्तर तिनं घरी रोज पाहिलेलं होतं. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवून मीठ लावून ठेवली की भांड्यात पाणी साचतं. ‘काकडीला पाणी सुटलं’ असंच आपण म्हणतो. भाषेनं इथे बरोबर कर्ता निवडलाय.

मग मुलांच्या डोक्यात मीठच का शिरतं? माझा संशय आमटीवर आहे. आमटी खारट झाली की ‘बटाटा टाक, मीठ ओढून घेईल’ असं आज्जी सांगते, आणि तो शिजलेला बटाटा खाल्ला तर खरोखर खारट लागतो. पण शिजवताना उष्णतेनं पेशींची पटलं फाटतात. निवड करणारं कुणी उरत नाही, त्यामुळे मीठ आतपर्यंत पसरतं. ते नुसतं विसरण. (आमटीचं खारटपण त्यानं फारसं कमी होत नाही, कारण बटाटा मिठाबरोबर पाणीही शोषतो. हे आज्जीला सांगायचं धाडस माझ्यात नाही.) लोणच्याची फोड मुरते तेव्हाही तसंच : आधी पाणी सुटतं, पेशी मरतात, आणि मगच मीठ आत उतरतं.

कच्च्या फोडीतही थोडं मीठ पेशींच्या मधल्या फटींत उतरतं, म्हणून ती धुऊन चाखली तर किंचित खारट लागते. त्या मुलीनं ती चाखली आणि ‘बघा, मीठ आत गेलंय!’ म्हणाली. मी तिला वजनकाट्याकडे बोट दाखवलं. तिनं पुन्हा उत्तर लिहिलं : ‘बाहेर मिठाचं प्रमाण जास्त, म्हणून पाणी बटाट्याच्या पेशींमधून पटलातून बाहेर आलं.’ पहिला अर्धा भाग तिला बदलावाच लागला नाही.