केसांचे तेल आणि कपाळावरील पुरळ

एका परिचित व्यापारी कुटुंबातील एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कपाळावर, केसांच्या कडेलगत, त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे उठले होते. ते दुखत नव्हते, खाजत नव्हते. उजेड तिरपा पडला की मात्र रव्यासारखे दिसत. आईने पोटातील उष्णतेला दोष दिला. मुलगा दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुऊ लागला, तरी दाणे कमी होईनात.

कारण त्याच्या रोजच्या सवयीत होते. सकाळी स्नानानंतर तो डोक्याला तेल चोपडी, केस चापून बसवी, वर जेल लावी आणि हेल्मेट घालून दुकानी जाई. दुपारच्या घामाबरोबर तेच तेल कपाळावर उतरे. त्वचेवरील रोमरंध्रांतून आपले नैसर्गिक तेल बाहेर पडत असते. वरून तेलाचा वा मेणाचा थर बसला की मृत पेशी त्या तोंडाशी साचतात व रंध्र बुजते. हे बुजलेले रंध्र म्हणजेच तो दाणा. प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० साली या विकाराचे वर्णन केले. पोमेड, म्हणजे केस बसवण्याचे स्निग्ध मलम, वापरणाऱ्यांत तो आढळल्याने त्याला 'पोमेड अ‍ॅक्ने' असे नाव पडले.

तेल सर्वस्वी सोडण्याची आवश्यकता नसते. त्याची वेळ आणि जागा बदलावी लागते. या मुलाने रोजचे तेल बंद करून आठवड्यातून एकदा, केस धुण्यापूर्वी तासभर, तेही कपाळाच्या कडेपासून दोन बोटे मागे लावण्यास आरंभ केला. जेल केवळ केसांच्या टोकांना. स्नानाच्या वेळी आधी केस, मागून चेहरा. कारण शाम्पू व कंडिशनरचा अंश कपाळावर राहिला तर तोही रंध्रे बुजवतो. उशीचा अभ्रा आणि हेल्मेटच्या आतील अस्तरही तो नियमाने धुऊ लागला.

पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. नवे दाणे येणे थांबले तरी जुने विरण्यास दीड-दोन महिने लागतात. ते नखाने फोडू नयेत, डाग राहतात. दोन महिन्यांनंतरही उतार नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ते बहुधा रात्री लावण्याचे अ‍ॅडापलीनसारखे मलम देतात. गर्भवतींनी मात्र ते टाळावे.

दाणे एकसारखे असून खाजत असतील, छाती-पाठीवरही असतील, तर तो बुरशीचा विकार असू शकतो व त्याचा उपचार निराळा आहे. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले स्टिरॉइडचे मलम दोन्ही प्रकारांत लावू नये. चार दिवस त्वचा स्वच्छ भासते, पुढे पुरळ अधिक बळावते.