करार झाला की नाही?

परीक्षेत एखादा प्रसंग देऊन ‘हा करार वैध आहे का?’ असे विचारले की बरेच विद्यार्थी पाठ केलेली सगळी यादी लिहून मोकळे होतात. यादी हवीच. आधी प्रस्ताव आणि त्याची स्वीकृती पाहायची. मग १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १० प्रमाणे सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्दिष्ट, आणि तो करार कायद्याने रद्दबातल ठरवलेला नाही ना, हे. पण प्रसंगात बहुधा यातला एकच घटक अडलेला असतो आणि गुण तो शोधण्याला असतात.

प्रश्न १. रमेश स्कूटर ४० हजारांना विकायला काढतो. सुरेश म्हणतो, ‘३५ देतो.’ रमेश नाही म्हणतो. तासाभराने सुरेश म्हणतो, ‘बरं, ४० घ्या.’ करार झाला? नाही. ३५ हजार म्हणताच मूळ प्रस्ताव संपला, कारण कलम ७ नुसार स्वीकृती बिनशर्त लागते. आता ४० हजार हा सुरेशचा नवा प्रस्ताव आहे. तो स्वीकारायचा की नाही, हे रमेशच्या हाती.

प्रश्न २. घरातला हरवलेला मुलगा शोधायला मालकाने मुनिमाला धाडले. मागून बक्षीस जाहीर झाले, ते मुनिमाला कळलेच नाही. त्याने मुलगा शोधला. बक्षीस मिळेल? १९१३ च्या लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त खटल्यात असेच घडले होते. बक्षीस ५०१ रुपयांचे होते आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. जो प्रस्ताव ठाऊकच नाही, तो स्वीकारणार कसा? शिवाय मुलाला शोधणे हे त्याचे नेमून दिलेले कामच होते.

प्रश्न ३. सतरा वर्षांच्या मुलाने वय अठरा सांगून हप्त्यांवर मोबाइल घेतला आणि हप्ते थकवले. इथे विद्यार्थी हमखास फसतात. मुलाने खोटे सांगितले, म्हणजे फसवणूक झाली, म्हणून करार दुकानदाराच्या मर्जीने रद्द करता येईल, असे ते लिहितात. पण त्याआधी सक्षमता पाहायची. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या गहाणाच्या खटल्यात ठरवले. करारच नसेल तर फसवणुकीमुळे तो रद्द करण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि खोटे वय सांगितले म्हणून मुलाला करारात बांधताही येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने ‘तो करार मला मान्य’ म्हटले तरी तो जिवंत होत नाही. मोबाइल अजून मुलाकडेच असेल, तर न्यायालय तो परत करायला सांगू शकते. थकलेले हप्ते मात्र कराराच्या आधारे वसूल होणार नाहीत.

प्रश्न ३ मधला मुलगा एकोणीस वर्षांचा असता आणि दुकानदाराने त्याला धमकावून सही घेतली असती, तर? पक्ष सक्षम आहे, बिघाड संमतीत आहे. असा करार रद्दबातल नसतो. तो मोडायचा की पाळायचा, हे ठरवण्याचा हक्क कलम १९ ने मुलाला दिला आहे, दुकानदाराला नाही.